500 फुकट, 20,000 ची अट

परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तास संपला तरी तो बाकावरून उठला नाही. मी संख्याशास्त्र शिकवते. "मॅडम, फी भरायला थोडी मुदत मिळेल का?" एवढंच त्याने विचारलं. घरी काही झालंय का म्हटल्यावर त्याने मोबाइलच माझ्यापुढे ठेवला.

खोलीतल्या मित्राने त्याला एका बेटिंग ॲपचा रेफरल कोड पाठवला होता. स्वतःचे 500 भरले की 500 क्रेडिट फुकट. पहिल्याच संध्याकाळी शिल्लक 1,400 झाली. तो पैसे काढायला गेला, तर काढता येईनात. अटींच्या पानावर अगदी खाली लिहिलं होतं की, भरलेली रक्कम आणि बोनस यांच्या वीसपट पैजा लावल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. म्हणजे 20,000 च्या पैजा.

"पण मी जिंकत होतो ना, मॅडम."

मी फळ्यावर त्याच्याच पैजा मांडल्या. जिंकायची-हरायची शक्यता सारखीच असावी अशा सामन्यात दोन्ही बाजूंना भाव 1.9 होता, म्हणजे 100 लावून जिंकलं तर 190 परत. 100 च्या दहा पैजा लावल्या आणि पाच जिंकल्या, तर लावले 1,000, परत आले 950. हजारामागे 50 गेले. 20,000 फिरवायचे, तर सरासरीने 1,000 जाणार. त्याचे 500 आणि फुकटचे 500, दोन्ही. एखादा नशिबाने सुटेलही, पण अट पुरी होईपर्यंत बहुतेकांच्या हाती काही उरत नाही.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. त्याची शिल्लक 7,000 च्या पैजांवरच संपली होती. पण ॲपवर 'अट 35 टक्के पूर्ण' अशी पट्टी दिसायची. तेवढी वाया जाऊ नये म्हणून त्याने पुन्हा पैसे भरले, मग पुन्हा. फी त्यातच गेली. मला सगळ्यात संताप आला तो त्या पट्टीचा. हरलेला पैसा तिथे केलेली प्रगती म्हणून दिसतो.

ॲप काढून टाकतो, म्हणाला. मी थांबवलं. ॲप काढलं तरी खातं राहतं, आणि चार दिवसांनी 'तुमच्यासाठी फ्री बेट' असा मेसेज येतो. सेटिंगमध्ये स्वतःला खेळापासून रोखायचा पर्याय आम्ही शोधला. तो बराच आत दडवलेला होता. सगळ्यात मोठी मुदत निवडली आणि ऑफरचे मेसेज बंद केले. मुदतीसाठी मी कार्यालयात बोलेन म्हटलं, आणि घरी आजच सांग, असंही.

तो तरी उठेना.

"मॅडम, माझा कोड मी तिघांना पाठवलाय. त्यांनी पैसे भरून पैजा लावल्या की मला क्रेडिट मिळतं. दोघांचं आलंसुद्धा."

तिसऱ्याने अजून पैसे भरले नव्हते. फळा पुसायला मी उठले, तर तो म्हणाला, "राहू द्या." त्याने त्या आकड्यांचा फोटो काढला आणि तिथेच बसून तिसऱ्याला फोन लावला.