तुम्ही विचारलंत म्हणून : स्टॉक स्टेटमेंटचा तेवढा मुद्दा

“मॅडम, बाकी ऑडिट रिपोर्ट ठीक आहे, पण बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटचा तेवढा मुद्दा काढून टाका. अजून सही कुठे झालीये?”

सही व्हायची आहे तोवर कागद आणा. कागद पटले तर मुद्दा बदलतो, कधी पूर्ण निघूनही जातो. नुसत्या विनंतीवर मात्र मी तो काढणार नाही आणि सही करणारे आमचे भागीदारही काढणार नाहीत.

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांत हा मुद्दा वरचेवर निघतो, म्हणून नाव न घेता एका कंपनीचं सांगते. खेळत्या भांडवलाची मंजूर मर्यादा पाच कोटींच्या वर असली की बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट्स हिशेबाशी जुळतात का, हे ‘कारो 2020’ या ऑडिट रिपोर्टविषयीच्या सरकारी आदेशाप्रमाणे आम्हाला लिहावंच लागतं. या कंपनीने सप्टेंबरअखेरचा साठा बँकेला 4 कोटी 10 लाख दाखवला होता, वह्यांत होता 3 कोटी 62 लाख. फरक 48 लाखांचा. साठ्याच्या किमतीतले 25 टक्के बँक मार्जिन म्हणून वगळते आणि उरलेल्यावर उचल देते, म्हणजे उचल करायची मर्यादा 36 लाखांनी जास्त धरली गेली.

अकाउंटंट म्हणाले, माल वाटेत होता. बिलं आणि लॉरी रिसीट मागवल्या, तर 19 लाखांचा माल खरोखरच सप्टेंबरमध्ये पुरवठादाराकडून निघालेला, नोंद तेवढी ऑक्टोबरमध्ये झालेली. 11 लाखांचा माल जॉबवर्कला गेला होता. त्याची चलनं मिळाली, जॉबवर्करने लेखी दुजोराही दिला. या 30 लाखांचं कारण आम्ही फरकाशेजारीच लिहिलं.

उरलेल्या 18 लाखांना कागदच नव्हता. मग जूनचं आणि सप्टेंबरचं स्टेटमेंट शेजारी ठेवून पाहिलं. अर्धवट तयार मालाचा आकडा दोन्हीकडे रुपयासकट तोच! चालू कारखान्यात असं होत नाही. जुनी फाइल उघडून फक्त तारीख बदलली, की होतं. कंपनीची अडचण मला कळत होती. पगार, कच्चा माल, सगळं त्याच खात्यातून चालतं. पण बँकेनेही पैसे त्याच कागदावर दिले होते, आणि ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट रिपोर्टमधून दडवणं हा आमच्या कायद्यात व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. शिवाय मुद्दा रिपोर्टमधून गाळला तरी आमच्या वर्किंग पेपर्समध्ये तो राहतोच. उद्या बँकेचा स्टॉक ऑडिटर तीच दोन स्टेटमेंट्स समोर ठेवेल, तेव्हा तुमच्याकडे सांगायला काय असेल?

त्या मालकांना मी सुचवलं, की रिपोर्ट निघायच्या आधी तुम्हीच बँकेला दुरुस्त स्टेटमेंट आणि कारणाचं पत्र द्या, पोच आम्हाला द्या, तेही आम्ही लिहू. त्यांनी दिलं. मुद्दा रिपोर्टमध्ये राहिला, त्याखाली दुरुस्तीची ओळ आली. बँकेने उचल मर्यादा नव्या आकड्यावर आणली, खातं सुरू राहिलं. तुमच्या फरकाची यादी मी आजच पाठवते. जिथे चलन किंवा बिल असेल, तिथून सुरुवात करा.