तुम्ही विचारलंत म्हणून : डिस्चार्जनंतर काय सांगायचं

“मॅडम, घरी नेल्यावर शेजारपाजारचे विचारणारच, एवढे दिवस कुठे होती म्हणून. मग त्यांना काय सांगायचं?”

मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून काम करताना हे बहुतेक वेळा डिस्चार्जच्या दिवशी माझ्या कानावर येते, आणि विचारणारी व्यक्ती सहसा नवरा, भाऊ किंवा आई असते. जिच्याबद्दल बोलणे चालले आहे ती पलीकडे पिशवी भरत असते. म्हणून मी आधी तिला बोलावून घेते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तिला दिला आहे आणि आम्हा उपचार करणाऱ्यांवर ते बंधन घातले आहे. घरातल्यांच्या तोंडावर कायदा पहारा ठेवू शकत नाही. पण कोणाला किती सांगायचे हे तिच्या संमतीशिवाय ठरवू नये, एवढे तरी त्यातून घ्यावे.

मग मी त्यांना दोन याद्या करायला लावते : आजार ज्यांनी पाहिला आहे त्यांची आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांची. समाज ज्याला डाग मानतो त्याबद्दल अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली केलेल्या मांडणीचा हा माझा घरगुती वापर आहे. त्याने वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात १९५५-५६ च्या सुमारास वर्षभर निरीक्षण केले होते. ज्याचा डाग लोकांना आधीच ठाऊक आहे, त्याला समोरच्याच्या मनातला अवघडलेपणा सांभाळावा लागतो. ज्याचा डाग अजून ठाऊक नाही, त्याला माहिती सांभाळावी लागते, असे त्याचे म्हणणे. रुग्णालयातून घरी आलेला माणूस एकाच दिवशी दोन्ही प्रकारांत मोडतो. गल्लीला सगळे ठाऊक असते आणि कचेरीला काहीच नसते. गंमत अशी की, घरची मंडळी ज्यांनी सारे डोळ्यांनी पाहिले त्यांनाच टायफॉइडची गोष्ट सांगतात.

एक उदाहरण ओळख पुसून सांगते. तालुक्याच्या गावातली, पतसंस्थेत नोकरी करणारी विवाहित बाई. झोप जवळजवळ बंद, अखंड बोलणे, रात्री दोन वाजता दारोदार जाऊन सत्यनारायणाचे आमंत्रण देणे, अशा अवस्थेत तिला दाखल केले होते. उन्माद ओसरल्यावर ती लिथियमच्या गोळ्यांवर घरी गेली. नवऱ्याने आमच्याशी न बोलता सगळीकडे एकच गोष्ट सांगितली : टायफॉइड झाला आणि नंतर विश्रांतीसाठी ती सोलापूरला मावशीकडे राहिली. आमंत्रण मिळालेल्या शेजारणींनी माना डोलावल्या आणि मागे हसल्या. वरच्या मजल्यावरच्या जावेला मात्र ते खरे वाटले, कारण त्या काळात ती बाळंतपणासाठी माहेरी होती.

खोट्याला पुढचे खोटे लागते आणि माणूस त्यात रुतत जातो, हेही गॉफमनने नोंदवले आहे. लिथियमने हात किंचित थरथरतो, तहान फार लागते आणि रक्तातले प्रमाण वरचेवर तपासावे लागते. चहाचा कप बशीत वाजू लागला तेव्हा ‘अशक्तपणा’ आला, रक्ततपासणीसाठी ‘थायरॉइड’ आला, आणि गोळ्यांची पाकिटे तांदळाच्या डब्यात गेली. मग हरतालिका आली. जावेबरोबर दर वर्षी निर्जळी उपवास करणारी बाई यंदा का करत नाही, याचे उत्तर त्या गोष्टीत कुठेच बसेना, म्हणून तिने उपवास केला. त्यातच गुडघा दुखतो म्हणून जावेने दिलेली आयबुप्रोफेनची गोळीही तिने निमूटपणे घेतली, कारण ‘ही मला चालत नाही’ म्हटले असते तर ‘का?’ आले असते. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियम बाहेर पडण्याऐवजी साठू लागते आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही तेच होते. दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, हाताचा जोरात कंप आणि चालताना झोक जाणे सुरू झाले. रक्तातले प्रमाण १.६ निघाले, एरवी ते साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. ती पुन्हा दाखल झाली, या वेळी मनाच्या नव्हे तर लपवाछपवीच्या दुखण्याने, आणि हे दुखणे टाळता आले असते.

त्यानंतर आम्ही तिघांनी बसून एक वाक्य तयार केले : “मला झोप उडून मन फार वेगाने धावण्याचा आजार झाला होता, दवाखान्यात राहून उपचार घेतले, आता गोळ्या चालू आहेत आणि मी कामावर जाते.” यात खोटे काही नाही, आजाराचे नाव नाही आणि रुग्णालयाचेही नाही. कोणी पुढे खोदून विचारलेच तर “बाकीचं डॉक्टर बघतायत” म्हणून विषय बदलायचा. हे वाक्य तिने मोठ्याने, पुन्हापुन्हा म्हणून पाहिले, कारण मनात पाठ असलेली वाक्ये जिन्यात गाठल्यावर आठवत नाहीत. ज्या शेजारणींनी आमंत्रण घेतले होते त्यांना ती स्वतः सामोरी गेली. जावेला सगळे सांगितले, कारण एका छताखाली उपवास आणि औषधे तिच्या नजरेतून सुटणार नव्हती. पतसंस्थेत मात्र काही सांगितले नाही. रजेसाठीच्या प्रमाणपत्रावर निदान न लिहिता ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत उपचाराखाली, कामास योग्य’ एवढेच लिहावे, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. ती सर्वसाधारण रुग्णालयाच्या विभागात होती म्हणून हे निभावले. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा शिक्का असता तर निदान लिहायची गरजच उरली नसती. येरवड्याला पाठवण्याची चेष्टा आपल्याकडे शाळकरी मुलेसुद्धा करतात.

शेजाऱ्यांची चिंता करणाऱ्या कुटुंबांना मी नंतर घरातल्या एका प्रश्नाबद्दल सांगते, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते. आमटी खारट झाली म्हणून ती चिडली, की “गोळी घेतलीस ना?” नणंदेशी मतभेद झाला, की “गोळी घेतलीस ना?” त्यामुळे तिचा कुठलाच राग तिचा राहत नाही, तो आजाराचा ठरतो आणि वादात ती कायमची हरलेली असते. यावर कागद उपयोगी पडतो. तिच्या आधीच्या दोन आजारपणांची सुरुवात कशी झाली ते आठवून तिनेच चार ओळी लिहिल्या : सलग दोन रात्री तीन-चार तासच झोप आणि तरीही थकवा नाही, मध्यरात्री फोन, उसनवारीने खरेदी, बोलताना कोणालाच मधे शिरू न देणे. यांतले काही दिसले तर नवऱ्याने आम्हाला फोन करायचा. बाकी भांडणे ही भांडणे. गोळीबद्दल विचारायचे ते एकट्या नवऱ्याने, रात्री जेवणानंतर, एकदाच.

नणंदेच्या लग्नाचे मात्र अडले आहे. मुलाकडच्यांना कळले तर स्थळ हातचे जाईल, म्हणून पाहण्याच्या कार्यक्रमाला तिने माहेरी जावे असे सासूबाईंचे म्हणणे आहे. डाग एकाचा आणि भोगणारे सगळे, ही भीती निराधार आहे असे मी त्यांना सांगू शकत नाही. स्थळे खरोखर मोडतात. पण सुनेला घराबाहेर पाठवण्याला माझा विरोध आहे आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितला. नणंदेने मध्यस्थी केली आहे : वहिनी घरातच राहतील, पोहे त्याच करतील, आणि मुलाला जे सांगायचे ते वहिनींना विचारून ती स्वतः सांगेल. सासूबाई अजून तयार नाहीत.