आमची वाटचाल: सॉफ्टनर विकण्यापासून फीड टाकी बांधण्यापर्यंत

16 वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही दोघा भावांनी काम सुरू केलं, तेव्हा आमचा माल एकच होता: बॉयलरसाठी सॉफ्टनर. कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, जिथं छोटा बॉयलर असेल तिथं जायचं, पाण्याचा जडपणा तपासून दाखवायचा आणि सॉफ्टनर बसवायचा. नळ्यांवरचा क्षार थांबायचा, जळण कमी लागायचं, गिऱ्हाईक खूश व्हायचं. पाण्याचं काम म्हणजे एवढंच, अशी आमची पक्की समजूत होती. ती मोडली इचलकरंजीच्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे विणकामाच्या सुताला खळ लावायच्या कारखान्यात.

तिथं ताशी 2 टन वाफेचा, स्मोक ट्यूबचा, म्हणजे नळ्यांच्या आतून धूर आणि बाहेरून पाणी असलेला बॉयलर होता. आमचा सॉफ्टनर बसून सव्वा वर्ष झालं होतं आणि एका सकाळी फायरमन तात्यांचा फोन आला. "साहेब, नळी गळाय लागलीया. क्षार कुठं दिसत न्हाई, पण नळ्या कुरतडल्यासारख्या झाल्यात. या बघा एकदा."

मॅनहोल उघडून बॅटरी आत धरली. नळ्या क्षारापासून अगदी स्वच्छ होत्या, पण त्यांच्यावर जागोजागी तांबूस गाठी होत्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. एक गाठ स्क्रूड्रायव्हरने उचकटली. वरचं कवच तपकिरी, आत काळा ओलसर गाळ, आणि तो पुसल्यावर खाली गोल, धारदार काठाचा खड्डा. नळीची जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, त्यात खड्डा अडीच मिलिमीटर खोल. बाजूची नळी मात्र गुळगुळीत. तात्यांनी बोट दाखवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की फीडचं पाणी ज्या बाजूला आत पडतं, तिथंच गाठींची गर्दी होती.

हा ऑक्सिजनचा खड्डा होता. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो, पाण्यात विरघळलेल्या हवेला तो हातही लावत नाही. चांगल्या बॉयलरमध्ये लोखंडावर काळ्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच धातू सांभाळतो. ऑक्सिजन असला की हा थर एखाद्या बिंदूवर फुटतो आणि सगळा गंज त्या बिंदूवरच एकवटतो. म्हणून नळीचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं, पण भोक पडतं. सव्वा वर्ष मी दर महिन्याला जडपणा "शून्य" लिहून देत होतो आणि त्याच वेळी नळ्या पोखरल्या जात होत्या. ही चूक माझी होती. बदललेल्या 11 नळ्यांचे पैसे आम्ही भरले.

मग हिशेब मांडायला बसलो. बॉयलरला दिवसाला सुमारे 20,000 लिटर पाणी लागायचं. बॉयलरला पाणी पुरवणारी फीड टाकी जमिनीवर, पाणी 30 अंशांचं. अशा पाण्यात आपल्याकडे लिटरला सात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. म्हणजे रोज 140 ग्रॅम ऑक्सिजन पंपाने बॉयलरमध्ये ढकलला जात होता. सोडियम सल्फाइटने तो मारायचा तर ऑक्सिजनच्या साधारण आठपट सल्फाइट लागतं, म्हणजे रोज किलोभराहून जास्त. ते सगळं सल्फेट होऊन बॉयलरच्या पाण्यात साठतं, विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, वाढतो आणि तो कमी करायला केलेल्या ब्लोडाउनमधून गरम पाणी गटारात जातं. हे मला पटेना. पाणी तापवलं की हवा आपोआप निघते. 85 अंशांला ऑक्सिजन अडीच मिलिग्रॅमच्याही खाली येतो. खरा प्रेशर डीएरेटर 105 अंशांवर चालतो आणि जवळजवळ सगळाच ऑक्सिजन काढतो, पण 2 टनांच्या बॉयलरला तो खर्च मालकाला झेपणारा नव्हता.

उष्णता तर समोर वाया जात होती. सायझिंगच्या ड्राइंग सिलिंडरांमधलं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी, गटारात सोडलेलं होतं. निम्मं पाणी तरी त्यातून परत मिळणार होतं. ते टाकीत आणल्यावर पाणी 60 अंशांपर्यंत पोचलं. पहिले काही दिवस लाल पाणी आलं, जुन्या लाइनमधला गंज तो, तेव्हा ते बाहेरच काढलं. उरलेली कसर भरायला टाकीच्या तळाशी बारीक भोकांचा पाइप टाकून त्यातून वाफ सोडली. मालक म्हणाले, "माझी वाफ तुम्ही पाण्यात घालताय की!" त्यांना समजावलं की ती वाफ पाण्यात मिसळून त्याच बॉयलरमध्ये परत जाते. टाकीवरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा जायच्या वाटेतून, निघते तेवढीच गेली.

तापमान 88 अंशांवर आलं आणि दुसऱ्याच दिवशी पंप खडखडायला लागला. आत खडी भरल्यासारखा आवाज, प्रेशर वरखाली. कोल्हापूर परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, इथं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. इतकं गरम पाणी पंपाने जमिनीवरच्या टाकीतून ओढलं की सक्शनमध्येच त्याची वाफ होते. पंप बदलून काही होणार नव्हतं, टाकीच उचलायला हवी होती. 12 फूट उंच स्टँड केला, सक्शनचा पाइप एका साइजने मोठा टाकला, मधले दोन एल्बो काढले. आवाज गेला. तेव्हापासून आम्ही टाकी आणि स्टँड आमच्याच शेडमध्ये बनवतो. आज आमची निम्मी कमाई या कामाची आहे.

उरलेल्या ऑक्सिजनसाठी सल्फाइट घालायचं ठरलं. हिशेबाने रोज 400 ग्रॅम पुरायला हवं होतं. तरी बॉयलरच्या पाण्यात सल्फाइटची शिल्लक 30 ते 50 पीपीएम दिसायला हवी, ती कधी पाच, कधी शून्य. आठवडाभर कारण सापडेना. एका सकाळी सहाला जाऊन उभा राहिलो. मदतनीस पोरगा उघड्या ड्रममध्ये सल्फाइट टाकून बांबूने जोरजोरात ढवळत होता, दोन दिवसांचं एकदम. सल्फाइट हवेतलाच ऑक्सिजन पिऊन बसत होतं, बॉयलरपर्यंत पोचत होतं ते निकामी. ड्रमला पाण्यावर तरंगणारं झाकण केलं, रोजचं द्रावण रोज बनवायला लावलं, ढवळणं अगदी हळू. डोसिंगचा पाइप टाकीच्या खालच्या भागात नेला, म्हणजे पंपापर्यंत जाताना त्याला काम करायला वेळ मिळतो. तिसऱ्या दिवशी शिल्लक 35 आली. नमुना कूलरमधून थंड करून लगेच तपासायचा. बाटलीत अर्धा तास ठेवला तर तिथंही सल्फाइट हवेतच संपतं आणि आकडा खोटा येतो.

पुढच्या वर्षीच्या तपासणीला बॉयलर उघडला तेव्हा मी आधी फीडच्या बाजूला बॅटरी धरली. नव्या गाठी नव्हत्या. जुने उथळ खड्डे काळे पडून थांबले होते. सुट्टीच्या दिवसांचा घोर मात्र राहतोच. बॉयलर थंड झाला की आत व्हॅक्यूम धरतो आणि हवा शिरते. दोन दिवसांहून जास्त बंद असेल तर आम्ही बॉयलर पाण्याने वरपर्यंत भरून सल्फाइटची शिल्लक 100 च्या वर नेऊन ठेवायला सांगतो. सगळे पाळतात असं नाही.

गेल्या पावसाळ्यात तिथं गेलो तर शिल्लक पुन्हा घसरलेली. टाकीवर चढलो. कुणीतरी वाफ वाचवायची म्हणून व्हेंट पूर्ण बंद केला होता. पाणी 90 अंशांचं, पण सुटलेली हवा जाणार कुठून? व्हॉल्व्ह थोडा उघडून वाफेची हातभर शेपटी बाहेर दिसू दिली. तात्यांनी खालून विचारलं, "एवढी बास का?" मी हो म्हणालो. त्यांनी वर येऊन त्याच जागी व्हॉल्व्हचं चाक जाड तारेने बांधून टाकलं.