भिंतीवरचा फोटो

गेल्या पावसाळ्यात प्रभात रस्त्यावरच्या आमच्या एडिट रूममध्ये मी एका मराठी चित्रपटाचा ट्रेलर कट करत होतो. चित्रपट १ तास ५२ मिनिटांचा होता आणि ट्रेलर दोन मिनिटांच्या आसपास हवा होता. वाड्यातून निघून गेलेल्या थोरल्या भावाला धाकटा शोधत असतो. थोरला केव्हाच वारला आहे आणि आईला ते ठाऊक आहे, हे मध्यंतरानंतर उघड होते. एवढे एक सोडून बाकी सगळे दाखवायला हरकत नव्हती.

पहिला कट तयार झाल्यावर मी तो चित्रपट न पाहिलेल्या सहकाऱ्याला दाखवला. शेवटची पाटी येण्याआधीच तो म्हणाला, "थोरला गेलाय ना? आणि आईला माहीत आहे."

आम्ही ट्रेलर थांबवत थांबवत पुन्हा पाहिला. आई चहा ओतते आणि तिचा हात थरथरतो, हा शॉट मी त्या हातासाठी घेतला होता; पण मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात हार घातलेला थोरल्याचा फोटो होता. शॉट जेमतेम १८ फ्रेमचा, म्हणजे पाऊण सेकंदाचा. चित्रपट इतक्या वेळा पाहिल्यामुळे माझी नजर फक्त हातावर जात होती, नव्या माणसाची मात्र सगळ्या चौकटीवर फिरते. शॉट उत्तरार्धातला असल्यामुळे उत्तरार्धाची गोष्टही तो सोबत घेऊन आला होता.

चौकट मोठी करून फोटो बाहेर काढावा म्हटले, तर कपही कापला जात होता. शेवटी तो शॉट सोडला आणि पूर्वार्धात आई उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे पाहते तो घेतला. थरथरणारा हात सोडताना मला खरेच वाईट वाटले.

आईला माहीत आहे, हे मात्र त्याला फोटोवरून कळले नव्हते; ती चूक जोडणीतली होती. "दादाला शेवटचं कुणी पाहिलं?" या धाकट्याच्या वाक्यानंतर मी लगेच आईचा चेहरा ठेवला होता. दोन शॉट शेजारी आले की प्रेक्षक त्यांच्यात नाते लावतोच, त्यामुळे प्रश्नाचे उत्तर मीच देऊन बसलो होतो. आता त्या वाक्यानंतर १२ फ्रेम काळा पडदा ठेवला आणि मग वाड्याचा बंद दिंडी दरवाजा. संवाद आणि पार्श्वसंगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर मिळाले होते म्हणून काळ्या पडद्यावर संगीत पूर्ण तोडता आले. एकत्र मिसळलेला आवाज असता तर वाक्यामागची सुरावट मध्येच तुटल्यासारखी वाटली असती.

उंबऱ्यातला शॉट मी त्या प्रश्नापासून बराच लांब, सुरुवातीला नेला. तिथे ती फक्त वाट पाहणारी आई दिसते आणि चित्रपटाच्या त्या टप्प्यावर प्रेक्षकालाही ती तशीच दिसते, म्हणून ही फसवणूक आहे असे मला वाटत नाही. तिच्या तोंडी दुसऱ्या प्रसंगातले वाक्य घातले असते, तर ती झाली असती.

दुसरा कट १ मिनिट ५८ सेकंदांचा झाला. चित्रपट न पाहिलेल्या दुसऱ्या एका मुलीला तो दाखवला, तेव्हा तिने विचारले, "तो घरी का येत नाही?"