‘अपहार’ हा शब्द बातमीतून का गेला: छपाईपूर्वीच्या कायदेशीर तपासणीचा माझा अनुभव

बातमी टँकरची होती. टंचाईच्या काळात गावोगावी पाणी पोहोचवणाऱ्या प्रत्येक गाडीवर जीपीएस असतो आणि खेपांची नोंद लॉगबुकमध्ये गावातल्या सहीनिशी होते. एका तालुक्यात या दोन नोंदी जुळत नव्हत्या. तीन गाड्यांच्या मिळून १४६ खेपा लॉगबुकमध्ये होत्या, त्यांची बिलेही निघाली होती. पण जीपीएसप्रमाणे त्या त्या दिवशी गाड्या जागच्या हलल्याच नव्हत्या. मी लिहिलेल्या मजकुराला डेस्कने मथळा दिला होता, ‘टँकरच्या नावाखाली लाखोंचा अपहार, अभियंत्याच्या आशीर्वादाने ठेकेदार मालामाल’. संपादकांनी तो तसाच वकील मॅडमकडे पाठवला. पुढे जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशी तपासणी नेमकी कशी चालते हे जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पत्रकारांना सहसा कुणी दाखवत नाही.

मॅडमनी पहिल्यांदा बातमी वाचलीच नाही. त्यांनी मला प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यायला सांगितला आणि समोर लिहायला सांगितलं: हे कशावरून? कागद असेल तर त्याचं पान, माणूस असेल तर तो कोर्टात उभा राहील का, आणि दोन्ही नसेल तर रिकामी जागा. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्धी तपासणी तिथेच होते. माझ्या तक्त्यात जिथे जिथे रकाना रिकामा राहिला, तिथे तिथे वाक्यात विशेषण होतं.

मग शब्द. ‘अपहार’ म्हटलं की त्यात हेतू आला. पैसे चुकून गेले नाहीत, लबाडीने घेतले, असं आपण म्हणतो. आमच्या हातात होतं काय? लॉगबुक, बिलं आणि जीपीएसचा अहवाल. तिन्हींवरून तफावत सिद्ध होत होती, हेतू नाही. मॅडम म्हणाल्या, “वाक्याचा अर्थ तुम्ही सांगाल तो नसतो. साध्या वाचकाला जो लागेल तो कोर्ट धरतं, आणि तोच तुम्हाला सिद्ध करावा लागतो.” मी ‘कथित अपहार’ सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ‘कथित’, ‘अशी चर्चा आहे’, ‘सूत्रांच्या म्हणण्यानुसार’ या शब्दांनी जबाबदारी उतरत नाही. दुसऱ्याने केलेला आरोप छापणारा तो आरोप स्वतःच करत असतो. अपवाद कोर्टाच्या कामकाजाच्या वृत्तांतासारखा. तिथे वृत्तांत मुळाशी खरा असला की संरक्षण मिळतं. आमच्या प्रकरणात ना गुन्हा दाखल होता, ना खटला.

कायद्याची चौकट त्यांनी थोडक्यात सांगितली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ म्हणजे पूर्वीचं ४९९ आणि ५००. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. २०१६ साली सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीची तरतूद वैध ठरवली, त्यामुळे ती कायम आहे. इथे एक फरक बहुतेकांना ठाऊक नसतो. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात मजकूर खरा असणं पुरतं. फौजदारीत खरेपणाबरोबर तो मजकूर लोकहितासाठी छापला हेही दाखवावं लागतं. आणि सद्भावनेने लिहिलं असं म्हणायचं तर कायद्याच्या व्याख्येत सद्भावना म्हणजे मनाचा चांगुलपणा नाही, योग्य ती काळजी आणि लक्ष. म्हणजे मी काय तपासलं, कुणाला विचारलं, याचा कागद हाच माझा बचाव.

अभियंत्याबद्दलचं वाक्य सर्वांत जास्त वेळ खाऊन गेलं. देयकांवर उपअभियंत्याची सही होती हे निर्विवाद. पण सही करताना जीपीएसचा अहवाल त्यांच्यासमोर होता का, हे आम्हाला माहीत नव्हतं. ‘आशीर्वादाने’ हा शब्द म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी होऊ दिलं. मी म्हटलं, तो सरकारी अधिकारी आहे, त्याच्या कामावर टीका करता येते. ते खरं आहे. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अधिकाऱ्याच्या शासकीय कामाविषयीच्या मजकुरावर त्याला नुकसानभरपाई मागता येत नाही, जोवर तो मजकूर खोटा आहे आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला आहे हे तो दाखवत नाही. पण ठेकेदार सरकारी अधिकारी नाही, आणि एकाच वाक्यात दोघांना बांधलं की ठेकेदाराविषयीच्या अर्धवट पुराव्याचं ओझंही त्याच वाक्यावर येतं. म्हणून वाक्य तोडलं. अधिकाऱ्याविषयी: देयकांवर त्यांची सही आहे, आणि देयक मंजूर करताना जीपीएस अहवाल पडताळणं अपेक्षित आहे. ठेकेदाराविषयी: या खेपांची बिलं त्याच्या फर्मने सादर केली. यातून वाचकाने काय समजायचं ते तो समजतो. आम्ही फक्त सिद्ध करता येईल तेवढंच म्हटलं.

मजकुराच्या शेवटी मी एक टिपणी लिहिली होती, ‘तहानलेल्या गावांच्या नावावर चाललेला हा प्रकार लाजिरवाणा आहे.’ मला वाटलं होतं ती पहिल्यांदा उडेल. ती राहिली. मत म्हणून ओळखू येईल असं मत, लोकहिताच्या विषयावर, आणि ज्या खऱ्या माहितीवर ते उभं आहे ती वर वाचकासमोर मांडलेली, अशी टीका न्याय्य ठरते, मग ती कडवट का असेना. उलट ‘ठेकेदाराला वरून अभय आहे’ हे वाक्य उडालं. ते मतासारखं दिसतं, पण आत एक घटना सांगतं: कुणीतरी वर बसलेल्याने त्याला पाठीशी घातलं. घटना म्हटली की पुरावा आला. ठेकेदाराच्या नातेवाइकांचं राजकीय पद सांगणारी चौकटही गेली. त्यातली माहिती खरी होती, पण शेजारी ठेवल्यामुळे जे सुचवलं जात होतं त्याला आधार नव्हता.

स्रोतांची गोष्ट मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटते. जीपीएसचा अहवाल मला कार्यालयातल्या एका माणसाने दिला होता. माझी समजूत होती की स्रोताचं नाव सांगायला पत्रकाराला कुणी भाग पाडू शकत नाही. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) मध्ये तसं संरक्षण आहे, पण ते कौन्सिलसमोरच्या चौकशीपुरतं. कोर्टासमोर पत्रकाराला असा स्वतंत्र कायदेशीर हक्क नाही; न्यायाधीश विचारू शकतात. त्यामुळे मॅडमचा प्रश्न सरळ होता: या माणसाचं नाव कधीच न घेता बातमी उभी राहते का?

उत्तर तेव्हा ‘नाही’ असं होतं. शिवाय तो अहवाल म्हणजे पेन ड्राइव्हवरची फाइल. संगणकीय नोंद पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि ते त्या यंत्रणेचा ताबा असलेल्याने द्यायचं असतं. आमच्या माणसाने ते दिलं तर तो उघडा पडणार. उपाय एकच होता. त्याच गाड्यांच्या त्याच तारखांचा अहवाल माहिती अधिकारात साक्षांकित प्रतीत मागायचा. त्यात महिन्याभराहून जास्त गेला, बातमी थांबली, मी वैतागले. पण प्रत आली आणि त्या क्षणापासून आमचा माणूस पुराव्याच्या साखळीतून बाहेर पडला.

त्याची मूळ प्रत आम्ही छायाचित्र म्हणून छापणार होतो. मॅडमनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. प्रिंट काढणाऱ्याचं लॉगिन आणि वेळ तिथे बारीक अक्षरात होती. एवढ्यावरून कार्यालयात कुणालाही नाव कळलं असतं. छापली ती माहिती अधिकारातली प्रत. चालकाच्या तोंडी घातलेलं एक वाक्यही बदललं, कारण तो दिवस आणि ती विहीर फक्त एकाच चालकाला माहीत असणार होती.

शेवटी दुसरी बाजू. फोन करून ‘आपली प्रतिक्रिया काय’ विचारणं म्हणजे बाजू जाणून घेणं नव्हे. आम्ही लेखी प्रश्न पाठवले: गाडी क्रमांक, तारीख, लॉगबुकमधल्या खेपा, जीपीएसमधली स्थिती, आणि उत्तराला ठरावीक मुदत. प्रश्न पाठवले की समोरचा मनाई हुकूम मागायला धावेल, ही संपादकांची भीती. त्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालचं कॅव्हेट आहे. ते ९० दिवस चालतं आणि आपल्याला कळवल्याशिवाय अर्जावर आदेश होत नाही. पण कॅव्हेटची सूचना समोरच्याला रजिस्टर पोस्टाने द्यावी लागते, म्हणजे ते आधी दाखल केलं तर प्रश्नांआधीच तो सावध होतो. म्हणून प्रश्न आणि कॅव्हेट एकाच दिवशी गेले. २०२४ च्या ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खटल्याआधीची छपाईबंदी अगदी अपवादानेच द्यावी असं म्हटलंय, तो निकालही फाइलमध्ये तयार होता.

ठेकेदाराचं उत्तर आलं आणि त्याने बातमी बदलली. एका गाडीचं जीपीएस यंत्र बिघडलं होतं आणि दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या टँकरवर बसवलं होतं, असं त्याने लिहिलं आणि दुरुस्तीची पावती जोडली. यंत्राचा क्रमांक आम्ही अहवालाशी ताडून पाहिला, जुळला. ती गाडी, तिच्या ४९ खेपा, बातमीतून काढल्या. उरल्या दोन गाड्या, ९७ खेपा. त्यांच्याबद्दल उत्तरात काहीही नव्हतं, आणि तसं आम्ही छापलं, त्याच्या शब्दांसह.

मथळा आणि छायाचित्र शेवटी मॅडमनी पुन्हा पाहिलं. एका वृत्तवाहिनीने २००८ साली चुकून न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं छायाचित्र काही सेकंद दाखवलं होतं, आणि पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठरवली होती. त्या वेळी मजकूर कुणी वाचलाच नव्हता, चेहराच पाहिला होता. आमच्या छायाचित्रात तिसऱ्याच फर्मचा टँकर नाव दिसेल असा उभा होता. तो बदलला. मथळा झाला, ‘टँकरच्या ९७ खेपांची बिले अदा, जीपीएसनुसार गाड्या जागेवरच’. मोबाइलवर जाणाऱ्या छोट्या ओळीतही तेच शब्द राहतील हे डेस्कला लेखी कळवलं.

बातमी छापल्यावर ठेकेदाराची वकिली नोटीस आली. मॅडमनी वाक्यांच्या क्रमांकांचा तो तक्ता समोर घेऊन उत्तर लिहिलं, प्रत्येक आक्षेपापुढे पान क्रमांक. फाइल अजून कपाटात आहे: दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षं. तोवर एकही टिपण टाकायचं नाही, असं त्यांनी फाइलवर लाल शाईने लिहून ठेवलंय.