पतंग-नोंदी, जुलै: अडकलेल्या ११ नोंदी अखेर चढल्या

गेल्या शनिवारी रात्री गच्चीवर पांढरी चादर बांधून दिवा लावला. पाऊस नव्हता, चंद्रही ढगाआड होता, त्यामुळे पतंग भरपूर आले. पावणेदहाच्या सुमारास कण्हेरीवरचा हिरवा हॉकमॉथ चादरीच्या कडेला येऊन बसला. हिरव्या-गुलाबी नक्षीचे पंख अगदी स्पष्ट टिपता आले. दोन वर्षं मी त्याची वाट पाहत होते! तासाभरात ४३ फोटो झाले आणि ११ नोंदी तयार झाल्या. त्यातली एकही आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर चढेना. प्रत्येक नोंद थोडी पुढे सरकायची आणि परत 'प्रतीक्षेत' जायची.

मला आधी नेटचाच संशय आला. पण भाऊ म्हणाला, "ताई, व्हिडिओ तर छान चालतोय." मग एक प्रयोग केला. फोटो न जोडता नुसती एक नोंद पाठवली, ती लगेच गेली. तिलाच फोटो जोडला की अडकायची. गॅलरीत पाहिलं तर शेवटचे दोन फोटो करड्या चौकोनासारखे दिसत होते, आणि त्यातल्या एकाचा आकार ० बी होता. ते नीट लिहिलेच गेले नव्हते, म्हणून मग फोनमधली मोकळी जागा तपासली.

माझा फोन १६ जीबीचा आहे. सिस्टिमची जागा वजा केली की हातात जेमतेम १० जीबी उरतात, आणि त्या रात्री मोकळी जागा होती ३८० एमबी. अँड्रॉइडच्या मूळ रचनेत मोकळी जागा ५ टक्के किंवा ५०० एमबी, यांतलं जे कमी असेल त्याखाली गेली की फोन स्वतःला 'जागा कमी' समजतो आणि पार्श्वभूमीत चालणारं सिंक रोखून धरतो. शिवाय बरीच ॲप फोटो पाठवण्याआधी त्याची एक प्रत फोनच्या आतल्या साठवणीत करतात. म्हणून मेमरी कार्ड घालूनही माझं पूर्ण भागलं नाही. मूळ फोटो कार्डावर गेले, तरी ही प्रत आतच व्हायची.

इथे एका गोष्टीला मात्र हात लावू नका. ॲपच्या सेटिंगमध्ये Clear cache आणि Clear data (काही फोनवर Clear storage) ही बटणं शेजारीशेजारी असतात. पहिलं चालतं. दुसरं दाबलं, किंवा ॲप काढून परत टाकलं, तर न चढलेल्या नोंदी ठिकाण-वेळेसकट जातात. मी म्हणून आधी यूएसबी केबल लावून सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले आणि तिथे उघडून पाहिले. ४१ शाबूत होते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून स्वतःला पाठवले असते तर फोटोत दडलेली वेळ आणि ठिकाण गेलं असतं. संकेतस्थळावरून नोंद करायची वेळ आली की नेमकी तीच माहिती लागते.

मग जागा शोधायला लागले. सगळ्यात मोठी गठडी इथे सापडली:

```
WhatsApp/Media/WhatsApp Video/Sent
```

नवीन फोनवर हा फोल्डर Android/media/com.whatsapp च्या आत असतो. आपण पाठवलेल्या प्रत्येक व्हिडिओची प्रत इथे राहते. माझ्याकडे ती ९०० एमबीवर गेली होती. मूळ व्हिडिओ गॅलरीत आहेत ना, एवढं पाहून त्या पुसल्या. मग गॅलरीची कचरापेटीही रिकामी केली, कारण पुसलेले फोटो तिथे पडून असतात तोवर जागा सुटत नाही. मोकळी जागा १.४ जीबी झाली. फोन बंद करून चालू केला आणि तीन-तीन करून नोंदी पाठवल्या. पाऊण तासात अकराही चढल्या. हॉकमॉथची ओळख दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघांनी पक्की केली.

आता कॅमेऱ्याची सवय बदलली आहे. आय-नॅचरलिस्ट फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेलवर आणून ठेवतं, म्हणजे फोटोभर पसरलेल्या मोठ्या पतंगासाठी १३ मेगापिक्सेलचा काही उपयोग नाही. त्यासाठी मी ३ मेगापिक्सेलवर आले. ४-५ एमबीचा फोटो आता दीड एमबीच्या आत बसतो. नखाएवढ्या पतंगांना मात्र पूर्ण आकारच लागतो. त्यांचा फोटो आधी कातरून घ्यायचा आणि मग नोंदीला जोडायचा, नाहीतर आकार कमी होताना पंखांवरच्या बारीक रेषा पुसट होतात आणि ओळख तिथेच अडते. व्हिडिओ मात्र बंदच केलेत, १०८०पीला मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जातात.

काल रात्री चादर लावण्याआधी मोकळी जागा पाहिली, १.१ जीबी होती. १९ फोटो आणि ६ नोंदी झाल्या, आणि झोपायच्या आत सगळ्या चढल्या. त्यातला एक तपकिरी, पंखांवर पांढरा ठिपका असलेला पतंग अजून ओळखता आलेला नाही.