आजींची जेवणवही

त्या सोमवारी पावसाने लोकल उशिरा धावत होत्या, त्यामुळे भांडुपच्या माझ्या दवाखान्यात सकाळी गर्दी कमी होती. एरवी त्या वहीला मी पाच मिनिटंही देऊ शकले नसते.

वही शंभर पानी, शाळेची. आजी निवृत्त शिक्षिका, म्हणून रकाने आखलेले: तारीख, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. नातू चार वर्षं दोन महिन्यांचा. "डॉक्टर, दोन महिने लिहिलंय. पंधरा दिवस राक्षसासारखा जेवतो, मग आठ-दहा दिवस ताटाकडे बघत नाही. भुकेचं टॉनिक द्या." सून मागे गप्प उभी होती. घरात या विषयावर किती बोलणं झालं असेल ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

टॉनिकवर आधी बोलले. भुकेसाठी म्हणून जी बाटली सर्रास दिली जाते तिच्यात बहुतेक वेळा सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध. झोप येणं आणि भूक वाढणं हे त्याचे दुष्परिणाम, आणि बाटली संपली की ती भूकही जाते. तेव्हा ते नाही.

मग मुलाला मोजलं. वजन 15.4 किलो, उंची 101.5 सेंटिमीटर. सुनेने लसीकरणाचं कार्ड आणलं होतं, त्यावर सहा महिन्यांपूर्वीचे आकडे सापडले: 14.4 किलो, 98.3 सेंटिमीटर. म्हणजे सहा महिन्यांत एक किलो आणि तीन सेंटिमीटरच्या वर. या वयाला वर्षाला साधारण दोन किलो आणि सहा-सात सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. वाढीच्या तक्त्यावर दोन्ही ठिपके एकाच रेषेच्या आसपास पडले. मूल सरासरीपेक्षा थोडं लहान, पण आपली रेषा धरून चाललेलं. मला ताटापेक्षा या रेषेवर जास्त भरवसा आहे.

"मग हा असा का जेवतो?" आजींनी सोडलं नाही.

वही उलगडली. मे महिन्यात चार दिवस "सर्दी, ताप" लिहिलेलं, जेवण नगण्य. त्यानंतरचे दोन आठवडे मात्र सकाळी दोन घावणे, दुपारी दोन चपात्या, वर वरणभात, संध्याकाळी केळं, रात्री पुन्हा भात. आजारात थांबलेली वाढ शरीर नंतर भरून काढतं. तेव्हा वाढीचा वेग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि भूकही. आजारी न पडताही वाढ रोज सारखी होत नाही. 1992 मध्ये मिशेल लॅम्पल आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांची लांबी वारंवार मोजली तेव्हा दिसलं की ती थांबून थांबून वाढते: मध्येच अर्धा ते अडीच सेंटिमीटरची उडी, मग कित्येक दिवस, कधी दोन महिन्यांपर्यंत, काहीच नाही. मोठ्या मुलात हे घरी टेपने पकडता येत नाही. सकाळची उंची संध्याकाळपर्यंत थोडी कमी भरते, मोजण्यातली चूक वेगळीच. म्हणून भिंतीवर दर रविवारी पेन्सिलची रेघ मारू नका, तीन ते सहा महिन्यांनी मोजा, असं मी सांगते.

इथे एक गोष्ट मात्र आजींना मुद्दाम सांगितली, कारण "वाढीला लागलाय" म्हटलं की सगळं त्यातच खपवलं जातं. सहा महिन्यांत एक किलो म्हणजे दिवसाला पाच-सहा ग्रॅम. तेवढं अंग तयार करायला लागणारी ऊर्जा चतकोर-पाव चपातीची. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या आहाराचा मोठा हिस्सा वाढीवर जातो. वर्षाचं होईपर्यंत तो तीन टक्क्यांवर येतो आणि पुढे त्याहून कमी. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाची दोन जादा चपात्यांची भूक एकट्या उंचीतून येत नाही. आजारातली भरपाई, त्या आठवड्यातली धावपळ, उकाडा, आणि आधीच्या दिवसांत पोटात किती गेलं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. मूल एका जेवणात कमी खातं, पुढच्या जेवणात भरून काढतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांची जेवणं मोजली तेव्हा एकेका जेवणात प्रचंड फरक आढळला, पण दिवसाची बेरीज बरीच स्थिर निघाली.

आता न जेवण्याचे आठवडे. आजींच्या वहीत तिथे "दुपारी अर्धी चपाती, चार घास भात" असं लाल शाईने. पण रात्रीच्या रकान्याखाली बारीक अक्षरात सुनेने लिहिलं होतं: दूध चार कप. सायीचं, म्हशीचं, पाऊण लिटरच्या वर. शिवाय दुधात बुडवलेली ग्लुकोज बिस्किटं. मी त्यांच्यासमोरच कागदावर बेरीज केली. दूध साडेसहाशे कॅलरींच्या वर, बिस्किटं दोनशे, चपाती-भात मिळून दीडशे. म्हणजे "काहीच न खाणारा" मुलगा हजार कॅलरी घेत होता, आणि या वयाला दिवसाला साडेतेराशेच्या आसपास लागतात. पोटात जागा उरणार कुठे? आजी खूप वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे.

खरी अडचण दुसरीच होती. दुधात लोह जवळपास नसतं. मुलाच्या पापण्या उलटून बघितल्या, फिकट वाटल्या. रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन 10.4 आलं, या वयाला 11 च्या वर हवं. लोह कमी झालं की भूक मंदावते, भूक मंदावली की घरचे दूध वाढवतात. मुलाच्या भुकेची साधी ओहोटी या दुधामुळे लांबत चालली होती. दूध दिवसाला दोन कप, तेही जेवणानंतर. लोहाचं औषध तीन महिने, दुधाबरोबर द्यायचं नाही. ताट अर्ध्या तासाने उचलायचं, मोबाईल दाखवून भरवायचं नाही. वही चालू ठेवायला हरकत नाही, पण दिवसाचा नाही, आठवड्याचा हिशेब करा, म्हटलं.

त्या उठत असतानाच पुढची केस आत आली. दहा वर्षांची मुलगी, आई हसतच म्हणाली, "ही उंची काढतेय बहुतेक. तीन आठवडे झाले, डबा पुरत नाही, रात्रीही उठून खाते. दमते फार, म्हणून आणलं." मुलगी बसल्याबसल्या बाटलीतलं पाणी संपवत होती.

काट्यावर उभी केली. शाळेच्या तपासणीतल्या नोंदीपेक्षा वजन अडीच किलोंनी कमी. भरपूर खाऊन मूल वाढत असेल तर काटा खाली येत नाही. आईला विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठते? "दोन-तीनदा. परवा तर अंथरूण ओलं केलं, आम्ही रागावलो." बोटातून थेंब घेऊन साखर बघितली: 428. लघवीत कीटोनही होते, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळत होतं. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन नसल्याने साखर पेशींत शिरत नाही, लघवीवाटे निघून जाते, आणि शरीर उपाशीच राहून आणखी मागत राहतं.

"पण डॉक्टर, ती तर इतकी छान जेवत होती!"

मी मोठ्या रुग्णालयातल्या बालविभागाला फोन लावला, चिठ्ठी लिहिली, आणि घरी न जाता थेट तिकडेच जा असं सांगितलं. ट्रेन बेभरवशाच्या होत्या. आजींच्या सुनेने खाली जाऊन रिक्षा थांबवली.